पहिला घास किती वाजता घेतला?

मी साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला शटर वर जातं, तेव्हा बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण बसलेलेच असतात. बहुतेकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. कुणाच्या चिठ्ठीवर FBS आणि PPBS असं सुटसुटीत लिहिलेलं असतं, तर आमच्या भागातले जुने डॉक्टर BSL F & PP असं लिहितात. तपासणी तीच. पहिली साखर उपाशीपोटी, दुसरी खाल्ल्यानंतर दोन तासांनी. रक्त दोनदा द्यायचं असतं आणि मधल्या वेळात पेशंटने घरी काही गोष्टी करायच्या असतात. त्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. तेवढी जागाही नसते.

मोबाइलवरून बुकिंग करणाऱ्यांची अडचण वेगळी. फॉर्मवर FBS पुढे ‘फास्टिंग आवश्यक’ असं येतं, पण PPBS वेगळं टिक करावं लागतं आणि त्यासाठी दुसरी वेळही निवडावी लागते. ते राहिलं, तर घरी सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा सकाळी एकदा रक्त घेऊन जातो आणि पेशंटला वाटतं दोन्ही झालं. बुकिंगमध्ये दोन वेळा दिसत नसतील, तर दुसरी तपासणी नोंदलेलीच नाही असं समजा आणि लगेच फोन करा.

आधी उपाशीपोटीची गोष्ट. रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास पोटात काही जायला नको. पाणी चालतं, उलट प्यावंच. पाणी न पिता आलेल्या पेशंटची शीर सापडायला आम्हाला जड जातं. चहा मात्र चालत नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण दुधातही साखर असते. आठ तास म्हणजे जितके जास्त तितकं बरं, असंही नाही. संध्याकाळी सातला जेवून दुसऱ्या दिवशी अकराला येणारे लोक आहेत. सोळा तास पोट रिकामं राहिलं, की शरीर आपल्या साठ्यातून साखर काढत राहतं आणि आकडा नेहमीच्या सकाळचा राहत नाही. रात्री नेहमीच्या वेळी, नेहमीसारखं जेवा आणि सकाळी लवकर या. येण्याआधी फिरायला जाऊन घाम काढू नका. संकष्टी किंवा एकादशीचा दिवसही टाळा. त्या दिवशी पोटात साबुदाणा जातो, आणि डॉक्टरांना तर तुमच्या रोजच्या ताटानंतरची साखर बघायची असते.

दुसऱ्या सॅम्पलला लोक जास्त अडखळतात. जेवणानंतर दोन तास हे सगळ्यांना पाठ असतं, पण घड्याळ कुठून लावायचं हे फार थोड्यांना माहीत असतं. ते पहिल्या घासापासून लावायचं. हात धुऊन, सुपारी खाऊन मग घड्याळाकडे पाहिलं, तर वीस-पंचवीस मिनिटं निसटलेली असतात. खाल्ल्यावर रक्तातली साखर चढते, साधारण तासा-दीड तासाने टोक गाठते आणि मग उतरायला लागते. उतारावरची वीस मिनिटं आकडा बदलू शकतात. म्हणून सॅम्पल घेताना मी आधी विचारते, पहिला घास किती वाजता घेतला? उत्तर ट्यूबवर आणि फॉर्मवर लिहिते.

त्या दोन तासांत परत काही खायचं नाही. शेजारी चहाला बोलावतात, लॅबबाहेर कुणी पेढा हातावर ठेवतं, नातवाच्या डब्यातलं बिस्कीट तोंडात जातं. हे सगळं मोजलं जातं. जेवून भराभर चालत लॅबला येणंही नको. चालताना स्नायू साखर वापरतात आणि आकडा खाली येतो. एरवी ती चांगलीच गोष्ट, पण तपासणीच्या सकाळी तिच्यामुळे चित्र फिरतं. रोज जेवल्यावर चालण्याची सवयच असेल, तर तसं सांगा, आम्ही लिहून घेतो.

काय खायचं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. रोज जे खाता तेच. तपासणी आहे म्हणून अर्ध्या पोळीवर भागवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा सुंदर रिपोर्ट घेऊन निश्चिंत घरी जाताना पाहिलेत. त्याचं मला फार वाईट वाटतं. कारण पुढचे तीन महिने ते पूर्वीसारखंच जेवणार असतात.

या सगळ्यात लोक सर्वांत जास्त चुकतात, ते गोळीच्या बाबतीत. त्यासाठी एका काकांची सकाळ सविस्तर सांगते. काका निवृत्त शिक्षक, मधुमेहाला बरीच वर्षं झालेली. सकाळी नाश्त्याबरोबर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली एक गोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. आदल्या रात्री पावणेनऊला जेवून झोपले आणि सकाळी सात दहाला माझ्यासमोर बसले. मी राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं. रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर साखर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी घटते. फ्लोराइड ही घट रोखतं, पण त्याचा असर पूर्ण व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून आम्ही सॅम्पल फार वेळ तसंच ठेवत नाही. ट्यूबवर एफ लिहिलं, वेळ लिहिली आणि काकांना म्हटलं, घरी जाऊन नेहमीचा नाश्ता करा, पहिला घास घ्याल ती वेळ लक्षात ठेवा.

आठला त्यांनी पोहे खायला सुरुवात केली. दहाला काकूंसोबत परत आले. वेळ अगदी चोख. मी दंडाला पट्टा बांधताना सहज विचारलं, “काका, सकाळची गोळी घेतलीत ना?”

“नाही हो ताई. तपासणी आहे म्हटल्यावर कशी घेणार? गोळीने साखर खाली येईल, मग तपासणीला अर्थ काय?”

काकू लगेच म्हणाल्या, “मी सांगत होते घ्या म्हणून. ऐकतात थोडेच!”

काकांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. तपासणी औषधाशिवाय झाली, तर खरा आजार दिसेल, असं अनेकांना वाटतं. पण ज्याचा मधुमेह ठरलेला आहे आणि ज्याचे उपचार चालू आहेत, त्याच्या चिठ्ठीवर डॉक्टर पीपीबीएस लिहितात ते आजार आहे का हे विचारण्यासाठी नाही. आजार आहे हे त्यांना माहीतच असतं. चालू औषध रोजच्या जेवणाला पुरं पडतं का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून उपाशीपोटीच्या सॅम्पलआधी सकाळची गोळी घ्यायची नाही, कारण ती खाण्याबरोबरची आहे आणि पोट रिकामं आहे. सॅम्पल दिल्यावर मात्र नाश्त्याच्या वेळी ती नेहमीसारखी घ्यायची. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐकायचं.

मी सॅम्पल घेतलं आणि फॉर्मवर ठळक लिहिलं, ‘सकाळची गोळी घेतलेली नाही’. दुपारी आकडे आले. उपाशीपोटी 134 आणि खाल्ल्यानंतर 261. आधीचा रिपोर्ट आमच्याकडे होता, त्यात 128 आणि 172 होते. म्हणजे पहिला आकडा जवळपास तिथेच आणि दुसरा एकदम उसळलेला. त्याच रक्तातून केलेली तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी 7.1 आली. रोजच जेवणानंतर अडीचशेच्या वर जाणाऱ्या माणसाची ती बहुधा इतकी खाली राहिली नसती. रिपोर्ट स्वतःशीच जुळत नव्हता. असा रिपोर्ट दिसला, की आजार एका रात्रीत वाढला असं धरण्याआधी त्या सकाळी घरी काय झालं हे विचारायला हवं.

फॉर्मवर ती ओळ नसती, तर काय झालं असतं? 261 पाहून डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली असती, तर त्यांना दोष देता आला नसता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतं. त्याची मात्रा वाढली आणि एखाद्या दिवशी नाश्ता उशिरा झाला, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, वयस्क माणूस असेल तर न्हाणीघरात पडणं, मांडीचं हाड मोडणं. डॉक्टरांनी ओळ वाचली, औषध तसंच ठेवलं आणि आठवड्याने फक्त पीपी परत करायला सांगितली. काका गोळी घेऊन, तेच पोहे खाऊन, दोन तासांनी आले. 168.

औषध बदलणं माझं काम नाही आणि मी कुणाला तसा सल्ला देत नाही. माझं काम आकडा ज्या परिस्थितीत आला, ती परिस्थिती आकड्यासोबत पाठवणं.

ज्यांना मधुमेह नाही, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. उपाशीपोटी 100 च्या आत असेल तर ठीक, 100 ते 125 ही सावध होण्याची पायरी, आणि 126 किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी दोनदा आलं, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. पीपीच्या रकान्यात बहुतेक लॅब 140 च्या आत असं छापतात. पण घरच्या पोह्यांवर आलेल्या आकड्यावरून सहसा निदान ठरवत नाहीत, कारण कुणाची वाटी मोठी, कुणाची लहान. निदानासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घेण्याची वेगळी चाचणी आहे. चिठ्ठीवर जीटीटी असेल, तर नाश्ता करायचा नाही, लॅबमध्येच बसायचं. उपचार चालू असलेल्यांनी छापील 140 पाहून घाबरू नये. त्यांच्यासाठी कुठला आकडा योग्य, हे डॉक्टर वय आणि इतर आजार बघून ठरवतात, बऱ्याच जणांना 180 च्या आत चालतं.

पीपी कधी कधी उपाशीपोटीपेक्षा कमी येते आणि लोक रिपोर्ट चुकला म्हणून भांडायला येतात. कमी खाल्लं असेल, उशिरा आला असाल, चालत आला असाल किंवा गोळीने जोरात काम केलं असेल, तर असं होतं. दरवेळी ती लॅबची चूक नसते, पण डॉक्टरांना दाखवण्यासारखी गोष्ट नक्कीच असते.

इन्सुलिन घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. उपाशी थांबलेले असताना हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तपासणीचा विचार सोडा, लगेच साखर किंवा ग्लुकोज खा आणि आम्हाला सांगा. रक्त उद्याही घेता येतं. आणि इतर सगळ्यांनी दुसरं सॅम्पल द्यायला याल, तेव्हा आम्ही विचारण्याची वाट न बघता तीन गोष्टी सांगा: पहिला घास किती वाजता घेतला, काय खाल्लं, आणि गोळी घेतली की नाही. आम्ही त्या फॉर्मवर लिहू, आणि रिपोर्ट दाखवताना तुम्हीही त्या डॉक्टरांना सांगा.