शंभर टक्के वसुलीमागचे तीन प्रश्न

डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या तासाला आमच्या ग्रुपच्या वाट्याला ‘मायक्रोफायनान्स’ आलं. स्लाइड्स काय, एका रात्रीत होतील. पण सरांनी अट घातली, की माहितीआधी स्वतःचे तीन प्रश्न घेऊन या. मेसमध्ये वाद घालत आम्ही ते काढले.

पहिला प्रश्न वसुलीचा. समजा, दहा बायकांचा गट आहे. प्रत्येकीचं कर्ज २०,००० रुपये आणि आठवड्याला ४४० रुपये हप्ता, असे ५० हप्ते. एकीकडे पैसे नाहीत. गट एकमेकींना जामीन, म्हणून बाकीच्या नऊ जणी ४९-४९ रुपये घालतात. वहीत वसुली शंभर टक्के! तिची अडचण कुठेच दिसत नाही. ती पुढच्या वेळी सावकाराकडून आणून भरेल, तरी वही तेच सांगणार. म्हणून नुसती टक्केवारी न विचारता हप्त्याचा पैसा कुठून आला, हे विचारायला हवं.

शिवाय एकमेकींची हमी चालते ती अडचणी वेगवेगळ्या वेळी येतात तोवर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांत गल्लीच्या गल्ली पाण्यात होती. एकाच गल्लीतल्या दहाही जणींची घरं बुडाली, तर कुणी कुणाला सावरायचं? आपल्या भाषेत सांगायचं, तर बॅकअपही त्याच लाइनवर!

दुसरा प्रश्न सक्षमीकरणाचा. कर्ज बाईच्या नावावर असलं, म्हणजे निर्णय तिचा असतो का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. निम्म्या वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या आणि तिथे कर्जवाटप आधी सुरू झालं. नंतर तुलना केली, तेव्हा तिथे नवे छोटे धंदे थोडे वाढलेले दिसले. पण घरातल्या निर्णयांत बाईचं वजन वाढल्याचं काही दिसलं नाही. तेव्हा फोटोतल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा पैसे कशावर खर्च करायचे हे कुणी ठरवलं, ते विचारलेलं बरं.

तिसरा प्रश्न आमच्यात सर्वांत जास्त रंगला: गटाबाहेर कोण राहतं? सोबतीण निवडायची गटानेच, आणि ती बुडाली तर भरायचंही गटानेच. मग जिची कमाई बेभरवशाची, तिला कोण घेणार? गळीत हंगामात बीडकडून आपल्या जिल्ह्यात येणारी ऊसतोड बाई बघा. ती सहा महिने इथे खोपीत, सहा महिने गावी. दर आठवड्याच्या बैठकीला ती बसणार कशी? तिच्या वाट्याला मुकादमाची उचल येते, आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. शंभर टक्के वसुलीच्या हिशेबात ती नाहीच, कारण तिला कर्जच मिळालेलं नाही.

प्रेझेंटेशन पुढच्या सोमवारी आहे. उत्तरं अर्धवट असली तरी चालतील, असं सर म्हणालेत. प्रश्न मात्र पहिल्याच स्लाइडवर टाकणार आहोत.