‘काढ’ म्हणजे नक्की काय करू?

आमच्या टीममध्ये रिव्ह्यूच्या कमेंट मराठी-इंग्रजी मिसळून लिहायची सवय आहे. टीममधल्या सगळ्यांना मराठी येतं, त्यामुळे कुणी ठरवलं नव्हतं, तसंच होत गेलं. “हे का केलंस?” हे इंग्रजीत विचारलं तर नोटीस आल्यासारखं वाटतं. “अरे, हे असं का केलंस?” म्हटलं की समोरचा सरळ कारण सांगतो.

मागच्या वर्षी एका ज्युनिअरच्या कोडमध्ये प्रत्येक पानाला टोकन नव्याने मागवलं जात होतं. लॉगिनच्या वेळी ते आम्ही एका डिक्शनरीत ठेवतच होतो. मी लिहिलं, “दर वेळी नवीन टोकन कशाला मागतोस? टोकन्समध्ये आहे की, तिथून काढ.” त्याने अर्ध्या तासात बदल करून पाठवला:

```python
token = tokens.pop(user_id, None)
```

मी घाईत होते. ओळ बघितली, टेस्ट हिरव्या होत्या, अप्रूव्ह केलं. संध्याकाळी टेस्टिंगवाल्या मुलीचा मेसेज आला: लॉगिन केलं की पहिलं पान नीट उघडतं, दुसऱ्यावर गेलं की परत लॉगिन मागतंय.

`pop` किंमत परत देतो आणि डिक्शनरीतून ती नोंद उडवतोही. पहिल्या पानाला टोकन मिळालं आणि तिथेच संपलं. दुसऱ्या पानाला `None` मिळालं, आणि `None` म्हणजे लॉगिन नाही, असा आमचा कोड. शेवटी तो `None` दिला नसता तर निदान `KeyError` तरी येऊन बोंब झाली असती. टेस्टमध्ये हे दिसलं नाही, कारण प्रत्येक टेस्ट नवी डिक्शनरी बनवून टोकन एकदाच मागत होती.

मी त्याला विचारलं, “`get` का नाही वापरलंस?” तो म्हणाला, “ताई, तुम्हीच ‘काढ’ म्हणालात ना! एटीएममधून पैसे काढले की खात्यातले कमी होतातच.” मला काही बोलता येईना. माझ्या डोक्यात फोटो काढणं होतं. फोटो काढला तरी माणूस जागेवरच असतो. दात काढतात, चित्र काढतात, वर्गणी काढतात, आणि कोडमधली ओळही ‘काढतात’. एवढं सगळं वाहणारा शब्द मी एका डिक्शनरीसमोर एकटा सोडला होता.

आता तीच कमेंट मी अशी लिहीन: “दर वेळी नवीन कशाला मागतोस? `tokens` या डिक्शनरीतून `get` ने वाच. नोंद तिथेच राहू दे, पुढच्या पानालाही लागेल. टेस्टमध्ये एकाच यूजरसाठी दोनदा मागून बघ.” क्रिया नेमकी कुठली, ते कोडमधल्या नावाने सांगायचं, का करायची आणि नंतर काय उरलं पाहिजे, ते मराठीत. ‘नोंद तिथेच राहू दे’ या एका वाक्याने ती संध्याकाळ वाचली असती.

त्या कमेंटमधला ‘या’ही कामाचा आहे. मराठीत नावाला प्रत्यय चिकटतो आणि नाव बदलतं. ‘टोकन्समध्ये’ असं मी लिहिलं तेव्हा ते `tokens` हे व्हेरिएबल होतं की नुसतीच बरीच टोकनं, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. म्हणून कोडमधलं नाव बॅकटिकमध्ये जसंच्या तसं ठेवायचं आणि प्रत्यय पुढच्या शब्दाला लावायचा: `orders` या टेबलात, `orders` या फंक्शनला. दोन्हींची नावं सारखी असली तरी घोळ होत नाही, आणि नाव शोधलं तर सापडतंही.

बॅकटिकची गरज दुसऱ्याच एका गमतीतून पटली. आम्ही घाईत मराठी रोमन लिपीत टाइप करतो. जावास्क्रिप्टच्या एका फाइलमध्ये `const` ची ओळ फंक्शनच्या सुरुवातीला न्यायची होती, म्हणून सहकाऱ्याने लिहिलं: `he var ghe`. ते वाचून मी `const` चं इमानदारीत `var` करून दिलं. त्याला म्हणायचं होतं, ‘हे वर घे’.

कमिट मेसेज आणि कोडमधल्या कमेंट आम्ही इंग्रजीतच ठेवतो. रिव्ह्यूतलं बोलणं त्या दिवसापुरतं आमच्या दोघांत असतं, पण कोड उद्या चेन्नईच्या टीमकडे गेला तर तिथल्या माणसाला `kadh` कोण समजावणार?

परवा त्या ज्युनिअरने माझा कोड रिव्ह्यू केला. एका जुन्या फ्लॅगखाली लिहिलं होतं: “ताई, हा फ्लॅग काढू या का? काढू म्हणजे डिलीट. फोटो नाही.”