फिर्यादीतील एक ओळ

घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहावे आणि निश्चिंत मनाने निघावे, ही आपणा सर्वांचीच रीत. २१ डिसेंबर २०२४ रोजी आम्हीही तसेच निघालो. वसईला आप्तेष्टांसमवेत नाताळ साजरा केला आणि २७ तारखेच्या पहाटे शेगाव स्थानकावर उतरून बुलढाणा जिल्ह्यातील, घाटाखालच्या आमच्या गावी परतलो. दाराचे कुलूप शाबूत होते. मात्र कोयंडाच चौकटीतून उपटलेला होता!

आत कपाट उघडे आणि कपडे जमिनीवर. आमच्या हातून पहिली चूक येथेच घडली. पसारा पाहवेना, म्हणून आम्ही खण जागेवर सरकवले, कपाटाचे दार लोटले आणि मगच पोलिसांना कळवले. पंचनाम्यासाठी आलेल्या हवालदारांनी शांतपणे विचारले, ‘‘कपाटाला कुणाकुणाचे हात लागले?’’ चोराच्या बोटांच्या ठशांवर आम्ही आमचेच ठसे उमटवून ठेवले होते.

फिर्याद लिहून देण्यास आम्ही टेबलाशी बसलो आणि रागाच्या भरात तीन पाने लिहिली. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. आमच्या मागे बागेला एक दिवसाआड पाणी घालणाऱ्या बाईंचे नाव लिहून ‘यांच्यावर आमचा दाट संशय आहे’ असे आम्ही नमूद केले होते. आम्ही गावाला गेल्याचे त्यांना ठाऊक होते, एवढाच काय तो आधार.

ठाण्यातील अंमलदारांनी ती पाने वाचली आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही स्वतः काय पाहिलं, तेवढं आधी लिहा. कुलूप कधी लावलं? त्यानंतर ते कुणी शाबूत पाहिलं? काय गेलं आणि ते ओळखायचं कसं?’’ फिर्यादीत नाव आले, की चौकशीची पावले प्रथम त्याच दाराशी जातात, हेही त्यांनी सांगितले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते शोधत आम्ही त्याच बाईंच्या दारी गेलो. ‘‘दादा, बुधवारी सांजच्याला पाणी घातलं, तवा कुलूप तं जसंच्या तसं होतं. कोयंडाबी धड होता,’’ त्या म्हणाल्या. म्हणजे सहा दिवसांचा काळ २५ तारखेच्या संध्याकाळपासून २७ च्या पहाटेपर्यंत आक्रसला. गस्तीची नोंद पाहण्यास किंवा रस्त्यावरील दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण तपासण्यास हाच काळ उपयोगी पडतो. शिवाय सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये दिवसाच्या घरफोडीपेक्षा अधिक शिक्षा आहे. जिला आम्ही आरोपी करू पाहत होतो, तीच आमची सर्वांत मोलाची साक्षीदार ठरली.

नवी फिर्याद एका पानात मावली. कुलूप लावल्याची व परतल्याची तारीख-वेळ, कोयंडा कोणत्या स्थितीत दिसला, आम्ही कशाकशाला हात लावला. त्यानंतर मालाची यादी. खामगावच्या पेढीतून घेतलेली १४० ग्रॅम चांदी, पावतीसह; सोन्याच्या दोन बांगड्या; आतल्या बाजूस विवाहाची तारीख कोरलेली अंगठी; रोख १८,००० रुपये. ‘सध्या लक्षात आलेला माल’ असे शब्द अंमलदारांनी आवर्जून घालायला सांगितले. उरलेले मागाहून पुरवणी जबाबात सांगता येते. संशयाच्या जागी ‘अज्ञात इसम’ एवढेच.

साधा अर्ज आणि नोंदलेला गुन्हा यांतील भेदही तेव्हा उमगला. अर्जावर केवळ आवकेचा शिक्का बसतो. गुन्हा नोंदला, की प्रथम खबरी अहवालास क्रमांक मिळतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार त्याची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला, तर फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येतो. आम्हांस ती वेळ आली नाही. प्रत त्याच दिवशी हाती पडली.

चौथ्या दिवशी तांदळाच्या डब्यात अंगठी सापडली. निघण्यापूर्वी पत्नीने ती तेथे लपवली होती आणि धांदलीत विसरली होती. गप्प राहावे, असा मोह क्षणभर झाला. पण सहीनिशी दिलेल्या कागदावर ती चोरीस गेली असे लिहिले होते. आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो आणि पुरवणी जबाब देऊन यादीतून ती कमी करवली.

बाकीचा माल अद्याप मिळालेला नाही. चोराने सातवी आज्ञा मोडली, ते त्याचे तो जाणे. आठवी मोडण्याच्या बेतात मात्र आम्हीच होतो. ती तीन पाने आम्ही फाडून टाकली. त्या बाई आजही एक दिवसाआड बागेला पाणी घालतात. त्यांचे नाव आम्ही कोणत्या कागदावर लिहिले होते, हे त्यांना ठाऊक नाही. आम्हांस मात्र विसरता येत नाही.