शिफारसपत्रातील मौन

लग्नाहून परतलेल्या पाहुण्यास घरच्या मंडळींनी विचारावे, ‘जेवण कसे काय होते?’ आणि त्याने उत्तर द्यावे, ‘पाने अगदी वेळेवर मांडली होती.’ एवढ्याने मंडळी हसतात व जेवण बेताचेच होते हे सर्वांस कळून चुकते. वस्तुतः पाहुण्याने जेवणाविषयी बरेवाईट एक अक्षरही उच्चारलेले नसते. पाने वेळेवर मांडली होती, हे विधान तर कदाचित अक्षरशः खरेही असेल. मग जे बोललेच गेले नाही ते घरातील थोरामोठ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांस एकाच क्षणी कळले कसे?

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार हर्बर्ट पॉल ग्राइस ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने केला. ऑक्सफर्ड येथे अनेक वर्षे अध्यापन केलेल्या ह्या गृहस्थांनी 1967 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यानमाला गुंफली. तीतील संभाषणाविषयीचे व्याख्यान 1975 साली छापून प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोन माणसे बोलू लागली की ती एका सामाईक कामात गुंतलेली असतात, आणि ते काम पार पाडण्यास आपण एकमेकांस साह्य करीत आहो असे दोघेही गृहीत धरून चालतात. ह्या साह्याचे दंडक त्यांनी चार वर्गांत मांडले, व वर्गांची नावे कांटच्या पदार्थकोष्टकावरून घेतली. पहिला परिमाणाचा : प्रसंगास हवे तेवढे सांगावे, कमी नको आणि अधिकही नको. दुसरा सत्यतेचा : जे खोटे वाटते ते बोलू नये, व ज्यास पुरेसा आधार नाही तेही बोलू नये. तिसरा संबंधाचा : चालल्या विषयास धरून बोलावे. चौथा रीतीचा : जे सांगावयाचे ते दुर्बोध व द्व्यर्थी न करता, पाल्हाळ टाळून, क्रमाने सांगावे.

हे दंडक म्हणजे काही नीतिपाठ नव्हेत. माणसे ते पाळतातच असेही ग्राइसने म्हटलेले नाही. उलट ते मोडले जाण्याचे प्रकारच त्याच्या विवेचनाचा गाभा आहेत. कोणी गुपचूप दंडक मोडतो. तो ऐकणाऱ्यास फसवितो, आणि त्याचे सारे यश मोडलेले न दिसण्यावर अवलंबून असते. कोणी सरळ अंग काढून घेतो : ‘ह्याविषयी मला काही बोलता येणार नाही.’ कोणी पेचात सापडतो. पुरेसे सांगावे तर खात्री नाही, खात्रीचेच सांगावे तर ते पुरत नाही. चौथा प्रकार मात्र न्यारा. येथे बोलणारा दंडक मोडतो तो सर्वांदेखत मोडतो, आणि तो मोडलेला ऐकणाऱ्यास दिसावा हाच त्याचा हेतू असतो. थापाड्या माणसास आपण ‘हरिश्चंद्राचा अवतार’ म्हणतो, तेव्हा सत्यतेचा दंडक असा उघड मोडलेला असतो. ‘तिने भैरवी गायिली’ असे न म्हणता ‘भैरवीशी मिळतेजुळते काही स्वर तिने पाऊण तास काढले’ असे कोणी म्हणाला, तर सरळ रीत टाकून त्याने घेतलेला हा वळसाच गाण्याची प्रत सांगून जातो.

ह्या चौथ्या प्रकाराचे ग्राइसने दिलेले एक उदाहरण आम्हां अध्यापकांच्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून तेच जरा सावकाश पाहू. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची एक जागा रिकामी आहे. एका विद्यार्थ्याने अर्ज केला आहे, आणि त्याच्या गुरूने पाठविलेल्या पत्रात एवढाच मजकूर आहे की, ह्याचे इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे व वर्गातील उपस्थिती नियमित आहे. पत्र संपले.

हे पत्र वाचणाऱ्याच्या मनात जे घडते ते क्षणार्धात घडते, पण त्याच्या पायऱ्या वेगळ्या करून दाखविता येतात. विचारले होते ते तत्त्वज्ञानातील योग्यतेविषयी, आणि त्याविषयी पत्रात शब्द नाही. म्हणजे परिमाणाचा दंडक मोडला. ह्या गुरूस अंग काढून घ्यावयाचे होते काय? तसे असते तर त्याने पत्रच लिहिले नसते. त्यास माहिती नसावी काय? तेही संभवत नाही. विद्यार्थी त्याच्याच हाताखाली शिकलेला आहे. बरे, ह्याहून अधिक माहिती हवी होती हे त्यास ठाऊक नसेल काय? शिफारसपत्र कशास मागवितात हे कोणत्या अध्यापकास ठाऊक नसते! तेव्हा जे लिहावयास त्याची लेखणी धजत नाही असे काही तरी त्यास सुचवावयाचे आहे, असेच मानावे लागते. हे मानणे कधी सयुक्तिक ठरेल? विद्यार्थी तत्त्वज्ञानात कच्चा आहे असे त्या गुरूचे मत असेल तेव्हाच. म्हणून तेच त्याने सुचविले.

येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, दंडक मोडलेला दिसल्यावर वाचणारा ‘हा मनुष्य सहकार्य करीत नाही’ असे म्हणून पत्र फेकून देत नाही. वरवर सहकार्य सुटलेले दिसते, तरी आत कोठे तरी ते शाबूत असले पाहिजे, असा विश्वास तो सोडीत नाही. तो विश्वास आणि समोरचे तुटपुंजे पत्र ह्यांचा मेळ घालण्यासाठी त्यास जे गृहीत धरावे लागते, तोच ध्वनित अर्थ.

परंतु हा अर्थ शब्दांच्या अर्थाइतका पक्का नसतो, आणि तो रद्द करता येतो. त्याच गुरूने पुढे लिहिले असते, ‘विषयातील योग्यतेविषयी स्वतंत्र पत्र पाठवीत आहे,’ तर सारा ध्वनी विरून गेला असता व कोठेही विसंगती आली नसती. उलट ‘त्याची उपस्थिती नियमित आहे, पण तो नियमित येत नाही,’ असे कोणी लिहील तर ते धडधडीत परस्परविरुद्ध होईल. बोललेले मागे घेता येत नाही; सुचविलेले मात्र पुसता येते. म्हणूनच तर सुज्ञ माणसे नाजूक प्रसंगी ह्या वाटेने जातात. ‘मी तसे कोठे म्हटले?’ हा बचाव त्यांच्या हाती कायम राहतो.

ह्या सोयीची किंमत मात्र कधी कधी तिसऱ्याच माणसास मोजावी लागते. एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर आम्ही असताना एका विद्यार्थ्याचे शिफारसपत्र समोर आले. मजकूर तीन ओळींचा : विद्यार्थी तीन वर्षे आमच्या वर्गात होता, वर्तन चांगले आहे, दिलेले काम वेळेवर करतो. समितीतील मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. कोणी काही बोलले नाही, आणि अर्ज नापसंतांच्या गठ्ठ्यात गेला. वर सांगितलेल्या साऱ्या पायऱ्या एका दृष्टिक्षेपात उतरून झाल्या होत्या! तेवढ्यात एका वयोवृद्ध सभासदांनी सही पाहिली आणि म्हणाले, ‘हे गृहस्थ सर्वांविषयी असेच लिहितात. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीसाठीही त्यांनी ह्याच तीन ओळी लिहिल्या होत्या.’ चौकशी केली तेव्हा ते अध्यापक म्हणाले, ‘पत्रात स्तुती करणे मला भाटगिरी वाटते. गुणपत्रिका बोलतेच आहे.’ अर्ज गठ्ठ्यातून बाहेर निघाला, मुलाखत झाली, आणि शिष्यवृत्ती त्याच विद्यार्थ्यास मिळाली. सही ओळखणारे ते सभासद त्या दिवशी आले नसते तर त्या मुलास आपला अर्ज कशाने गेला हे जन्मात कळले नसते. कारण त्याच्याविरुद्ध कोणी काही लिहिलेलेच नव्हते.

समितीचा तर्क चुकला तो नेमका कोठे? पायऱ्या बरोबर होत्या. पहिलीखालची जमीन भुसभुशीत होती. ‘हा मनुष्य एरवी अधिक लिहितो, येथे मात्र मुद्दाम थांबला’ ह्या गृहीतावर सारे उभे होते, आणि तेच खरे नव्हते. जो नेहमीच तीन ओळी लिहितो त्याच्या तीन ओळींत दंडकाचा उघड भंग नसतो, आणि भंग नाही तेथे ध्वनीही नाही.

आपल्याकडील जाणत्यांस ह्या ठिकाणी एक जुना वाद आठवेल. काव्यातील ध्वनी म्हणून जे म्हणतात ते वस्तुतः अनुमानच होय, असा पक्ष काश्मिरात अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात मांडला. ग्राइसच्या पायऱ्या वाचताना महिमभट्टाचाच कोणी दूरचा वारस बोलत आहे असे वाटावे. त्यावर मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त घेतलेला एक मुख्य आक्षेप असा की, येथे पुढे केलेला हेतू अनैकांतिक असतो. धुरावरून अग्नी निश्चित होतो तसा तो सांगितल्या साध्यापाशीच नेतो असे नाही. दुसरीकडेही नेऊ शकतो. आमच्या समितीपुढील पत्राचा तोकडेपणा हा असाच अनैकांतिक हेतू होता. तोकडे पत्र नालायक विद्यार्थ्यामुळे येते, तसेच अबोल गुरूमुळेही येते. ग्राइसलाही हा अर्थ निश्चित सिद्ध होतो असे म्हणावयाचे नव्हते. बोलणाऱ्याचे वर्तन सयुक्तिक ठरविणारी गृहीते अनेक असू शकतात, हे त्याने मान्यच केले आहे.

जी गोष्ट एका माणसाच्या स्वभावाची, ती साऱ्या समाजाच्या रिवाजाचीही असू शकते. एलिनॉर ओक्स कीनन ह्या विदुषीने मादागास्कर बेटावरील एका खेड्याचा अभ्यास करून 1976 साली दाखविले की, तेथे हाती असलेली बातमी सहजासहजी न सांगणे हीच लोकांची रीत आहे. ‘तुझी आई कोठे आहे?’ ह्यास ‘घरी असेल किंवा बाजारात असेल’ असे उत्तर मिळाले, तर त्यास नक्की ठाऊक नसावे असा तर्क आपण करू. तेथील ऐकणारा तसा करीत नाही. कारण पुरेसे सांगितले जाईल ही अपेक्षाच मुळी त्याने बाळगलेली नसते. बातमी दुर्मिळ, आणि सांगितल्याने कोणास बाधेल ही भीती मोठी. तेथे परिमाणाचा दंडक सैल पडतो.

तेव्हा मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्या, असे आम्हांस वाटते : ह्या माणसास अधिक ठाऊक होते काय, अधिक सांगणे त्यास मोकळे होते काय, आणि एरवी तो अधिक सांगतो काय. तिहींचे उत्तर होकारार्थी आले तरच त्याचे न बोलणे हे बोलणे समजावे. आणि आम्ही पत्र लिहिणाऱ्यांनी? ज्याविषयी लिहावयाचे नाही त्याविषयी ‘ह्याबाबत मी मत देत नाही’ एवढे तरी साफ लिहावे. आणि ज्यास चांगला म्हणावयाचे त्यास स्पष्ट शब्दांत चांगला म्हणावे. आपली लेखणी सदाच मितभाषी आहे हे आपल्यास ठाऊक असते. दूर बसलेल्या वाचणाऱ्यास ते ठाऊक नसते, आणि अर्ज त्याच्या टेबलावर असतो.