'ओके' नेमका कशाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अंगठ्याचे निदान तीन अर्थ होतात. 'बघितलं', 'आवडलं' आणि 'आत्ता गिऱ्हाईक आहे, मला सोड'. छोट्या धंद्यांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकची पानं सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला मात्र चौथाच अर्थ हवा असतो: 'यातला शब्द न् शब्द खरा आहे, टाक.' हा अर्थ अंगठ्यातून आपोआप निघत नाही, तो काढावा लागतो. माझी कॅप्शन-मंजुरीची यादी त्यासाठीच आहे.

माझ्याकडे घरगुती फराळ करणाऱ्या एक काकू आहेत, एक साड्यांचं दुकान, एक फिजिओथेरपीचं क्लिनिक आणि कोकणातला एक होमस्टे. चौघांनाही दिवाळी एकाच आठवड्यात येते. पूर्वी मी चार-पाच कॅप्शन एकदम पाठवायचे आणि खाली 'कसं वाटतंय?' असं विचारायचे. या प्रश्नाला माणूस 'छान' एवढंच म्हणणार. भाषा चांगली आहे का, हे ठरवणं माझं काम आहे. त्याचेच तर पैसे घेते. मालकाकडून हवी असते ती माहितीची खात्री. म्हणून आता एका मेसेजमध्ये एकच कॅप्शन जाते, चित्रासकट, कधी पडणार त्या दिवसासकट, आणि खाली नेमके प्रश्न.

काकूंचंच घ्या. २०२५च्या दिवाळीचा मसुदा साधारण असा होता: 'शुद्ध तुपातला घरगुती फराळ! चकली, चिवडा, शंकरपाळी, बेसनलाडू. दिवाळीच्या आठवडाभर आधीपर्यंत ऑर्डर घेऊ. पुण्यात घरपोच.' वाचायला कुठे अडत नाही, आणि काकूंचा अंगठाही मिनिटभरात आला. मग मी विचारलं, चकली तुपात तळता? 'छे गं, चकली तेलातच.' चिवडा? तोही तेलाच्याच फोडणीचा. म्हणजे तूप फक्त लाडवांत आणि शंकरपाळ्यांच्या मोहनात. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात लाडू होते, वाक्यात मात्र सगळा फराळ आला होता. दाव्यातलं विशेषण नेमकं कोणत्या पदार्थाचं, हा प्रश्न यादीत सगळ्यात वर आहे तो यामुळे. 'शुद्ध', 'घरगुती', 'बिनसाखरेचा', 'पुण्यात पहिल्यांदाच', असा कुठलाही शब्द दिसला की तो एकेका जिनसेला लावून बघायचा.

मग तारीख. त्या वर्षी महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी होतं. देशात पुष्कळ ठिकाणी दिवाळी २०लाच झाली. इंदूरच्या नणंदेसाठी डबा पाठवणारी बाई आठवडा कुठल्या दिवसापासून मागे मोजणार? तेव्हा 'मंगळवार, १४ ऑक्टोबर, रात्री आठपर्यंत' असं लिहिलं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं कारण असं, की एक चुकलं तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि चूक डोळ्याला टोचते. 'आज', 'उद्या', 'या रविवारी' हे शब्द तर शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये नकोतच. मसुदा सोमवारी लिहिलेला असतो, पोस्ट गुरुवारी पडते आणि वाचणारा शनिवारी वाचतो. प्रत्येकाचा 'उद्या' वेगळा.

'पुण्यात घरपोच'चं पुढे 'कोथरूड, कर्वेनगर, वारजे' झालं, कारण डबे पोचवणारा काकूंचा मुलगा स्कूटरवर जातो आणि हिंजवडीला जायला तो तयार नव्हता. फोन नंबर मी वाचून तपासत नाही, कॅप्शनमधून उचलून लावून बघते. वाचताना आपण ओळखीचा नंबर डोक्यातून वाचतो, कागदावरून नाही.

चित्राचं वेगळं दुखणं आहे. इन्स्टाग्रामवर पोस्ट पडल्यावर कॅप्शन दुरुस्त करता येते, फोटो बदलता येत नाही. दर चित्रावर छापला आणि दोन दिवसांनी तूप महागलं, तर पोस्टच काढावी लागते आणि तिच्याखाली आलेल्या चौकश्याही तिच्याबरोबर जातात. त्यामुळे बदलू शकणारं काहीही चित्रावर नाही, हा माझा हट्ट. साडीवाल्यांना तो पटत नाही. त्यांना 'फक्त' हा शब्द आणि पुढचा आकडा चित्रावर मोठ्ठा हवा असतो. मग निदान चित्रावरचा दर आणि कॅप्शनमधला दर शेजारी ठेवून जुळवायचा. घोटाळा बहुतेकदा असा असतो की एकीकडे अर्ध्या किलोचा भाव आहे नि दुसरीकडे किलोचा, किंवा एकीकडे ब्लाउजपीससह आणि दुसरीकडे त्याशिवाय.

क्लिनिकच्या पानाला वेगळी कात्री लागते. 'गुडघेदुखी कायमची बंद' हे डॉक्टरबाईंनी स्वतः सुचवलं तरी मी घेत नाही. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि फसव्या जाहिरातींवर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचीही नजर असते. 'मेथीचे लाडू, मधुमेहावर रामबाण' हे काकूंचं वाक्यही याच कात्रीत गेलं. रुग्णाचा फोटो असेल तर रुग्णाची लेखी संमती मागते. 'ते काही म्हणणार नाहीत' ही संमती नव्हे.

आता अनेक पानं एका हातात असल्याचा खास धोका. चूक मधल्या मजकुरात क्वचित होते, ती शेपटात होते. पत्ता, नंबर, हॅशटॅग हा शेवटचा तुकडा आपण मागच्या पोस्टवरून उचलून डकवतो आणि होमस्टेच्या समुद्राखाली साडीच्या दुकानाचा पत्ता येतो. म्हणून टाकायच्या आधी ज्या खात्यावर पोस्ट जाणार आहे त्याचं प्रोफाइल उघडते आणि तिथल्या नंबरचे शेवटचे चार आकडे कॅप्शनमधल्या आकड्यांशी ताडते. एवढ्या एका तपासणीत खातंही बरोबर आहे हे कळतं. काकूंचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला असेल तर त्यातले तारे काढायचे. तिथे *बेसनलाडू* ठळक दिसतो, इन्स्टाग्रामवर नुसत्या चांदण्या राहतात.

मंजुरी मिळते ती एका मसुद्याला. त्यानंतर 'जरा गोड कर ना अजून' असा आवाजी निरोप आला आणि मी दोन विशेषणं बदलली, तर पुन्हा विचारत नाही. पण आकडा, तारीख, पत्ता, दावा यातलं काहीही हललं की जुना 'ओके' बाद. नवा मसुदा अख्खा पाठवते, नुसती बदललेली ओळ नाही. सुटी ओळ वाचून माणूस होकार देतो आणि बाकीच्या मजकुराशी तिचं भांडण आहे हे त्याला दिसत नाही. जुन्या मेसेजला त्याच्याच पोटात उत्तर देऊन 'रद्द' लिहून टाकते, नाहीतर वर सरकवून कुणीतरी त्यालाच अंगठा देतं.

आणि उत्तरच आलं नाही तर? दिवाळीत ते येत नाहीच. काकूंचे हात पिठात असतात. गप्प बसणं म्हणजे होकार, असं काही एजन्सी करारात लिहून ठेवतात. मला ते धोक्याचं वाटतं, कारण दर चुकला तर गिऱ्हाईक करार वाचत नाही, काकूंशी भांडतं. म्हणून प्रत्येक पानासाठी महिन्याच्या सुरुवातीलाच एक राखीव पोस्ट मंजूर करून ठेवलेली असते, जिच्यात दर, तारीख, दावा काही नाही. काकूंची राखीव पोस्ट म्हणजे अनारशाच्या जाळीचा जवळून घेतलेला फोटो आणि खाली एकच ओळ. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीपर्यंत उत्तर नाही आलं, तर ती जाते. तिला दराच्या पोस्टपेक्षा जास्त लाइक मिळतात. ऑर्डर मात्र एकही येत नाही, आणि काकू दुसऱ्या दिवशी विचारतात, 'अगं, नंबर का नाही टाकलास?'