कोरगावच्या काजूची तीन वर्षे

पेडण्यातल्या सीएच्या ऑफिसात इंटर्न म्हणून लिहिलेली टिपणे. फाईल कोरगावातल्या एका छोट्या काजू युनिटची: बी विकत घेऊन, वाळवून, फोडून गर विकणारे. बँकेला तीन वर्षांच्या विक्रीचा अंदाज हवा आहे. मालकांनी युनिटची क्षमता, दर आणि उतारा सांगितला, त्यावरून आकडे गोल करून घेतले आहेत.

•

विक्रीच्या अंदाजाचा आकडा नुसता कागदावर राहत नाही. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका नायक समितीची रीत वापरतात: अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के मालकाने घालायचे. विक्री २२ लाख ८७ हजार ५०० दाखवली की मर्यादा ४ लाख ५७ हजार ५०० निघते. विक्री फुगवली तर कर्जही फुगते, आणि ते फेडायचे असते मालकाला.

•

“दरवर्षी वीस टक्के वाढ” असे लिहून तीन वर्षे ओढणे सोपे, पण त्यात काजू कुठेच नाही. मी बियांपासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी १२,००० किलो बी. उतारा २५ टक्के, म्हणजे ३,००० किलो गर. त्यातला ६५ टक्के अख्खा, बाकी पाकळी आणि तुकडा. अख्ख्याचा सरासरी दर ८५० रुपये, तुकड्याचा ६००. गुणाकार: २२ लाख ८७ हजार ५००.

•

सगळी गृहीतके एकाच जागी, एफ रकान्यात. सूत्रात थेट आकडा लिहायचा नाही. २५ टक्के सूत्रात दडला तर सहा महिन्यांनी तो कुठून आला ते कोणी सांगू शकणार नाही. F2 वाढ १०%, F3 कमाल क्षमता १४,००० किलो, F4 उतारा, F5 अख्ख्याचा वाटा, F6 दरवाढ ४%. बी दुसऱ्या ओळीत, गर तिसऱ्या, दोन दर चौथ्या-पाचव्या ओळीत, विक्री सहाव्या. दुसऱ्या वर्षाचा रकाना असा:

```
C2: =MIN(B2*(1+$F$2),$F$3)
C3: =C2*$F$4
C4: =B4*(1+$F$6)
C5: =B5*(1+$F$6)
C6: =C3*($F$5*C4+(1-$F$5)*C5)
```

डॉलरची खूण विसरली तर सूत्र उजवीकडे ओढताना F चे G होते आणि तिसरे वर्ष रिकाम्या घरांवर उभे राहते.

•

MIN चे काम तिसऱ्या वर्षी दिसते. दुसऱ्या वर्षी बी १३,२०० किलो, विक्री २६ लाख १६ हजार ९००. तिसऱ्या वर्षी दहा टक्क्यांनी १४,५२० किलो होतात, पण वाळवायची जागा आणि कामगार पाहता मालकांनी सांगितलेली मर्यादा १४,०००. विक्री २८ लाख ८६ हजार ५२० वर थांबते. त्यापुढे जायचे तर नवी जागा किंवा यंत्र लागेल, आणि तो खर्च अंदाजात दाखवावा लागेल.

•

प्रत्येक गृहीतकापुढे एक ओळ: आकडा कुठून आला. उताऱ्यापुढे विशेष. ओली बी वाळली की वजन घटते, म्हणून उतारा खरेदीच्या वजनावर की वाळवलेल्या वजनावर, हे लिहिलेच पाहिजे. आमची शीट खरेदीच्या किलोंपासून सुरू होते, तेव्हा उतारा खरेदीच्याच वजनावर हवा. पडताळा सोपा: गेल्या हंगामातल्या गराचे एकूण वजन भागिले खरेदी पावत्यांवरचे एकूण वजन.

•

एका वेळी एकच घर बदलून पाहिले. उतारा २५ वरून २२ टक्के केला तर पहिल्या वर्षाची विक्री २ लाख ७४ हजार ५०० ने घटते. अख्खा गर ६५ वरून ५५ टक्के केला तर फक्त ७५ हजारांनी. म्हणजे तपासात जास्त वेळ उताऱ्याला द्यायचा. फुटलेल्या गरालाही गिऱ्हाईक आहे, पण न निघालेल्या गराला नाही.

•

विक्रीत जीएसटी धरायचा नाही. तो सरकारचा पैसा. बी साधारण मार्च ते मे या काळात येते, म्हणजे हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरतो. शीटमध्ये वर्षाचा सगळा गर त्याच वर्षी विकला जातो असे धरले आहे, आणि ते स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात ३१ मार्चला कोठारात उरलेला गर हा साठा आहे, विक्री नव्हे. उधारीचे बिल विक्रीत येते, पैसे मात्र नंतर येतात. त्यासाठी रोखीचा वेगळा तक्ता लागतो.

•

असा तक्ता तुम्हाला करायचा असेल तर आधी मालकाकडून चारच गोष्टी लेखी घ्या: गेल्या हंगामाची खरेदी, निघालेला गर, विकलेला गर आणि खऱ्या बिलांवरचे दर. या चार नोंदी नसतील तर शीट उघडू नका.