आत्याची सीट

धानाची चुरणी आटोपून चार पैसे हाती आले, की आमच्या पालांदूरकडची माणसं देवाला निघतात. शेगाव, पंढरपूर, तुळजापूर असा फेरा. एका वर्षी गाडी ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 44 सीटांची गाडी, 42 माणसं. त्यात साठीच्या वरचे 13.

मी पैसे जमवले, पण जागा काही लावल्या नाहीत. म्हटलं, आपलीच माणसं, बसतील सोयीनं. गाडी पालांदूरहून निघाली, वाटेतली दोन गावं घेतली आन् शेवटी लाखनीला आली. आधी चढले त्यांनी पुढच्या खिडक्या धरल्या. लाखनीला माझी सत्तरीची आत्या थंडीत पाऊण तास रस्त्यावर बसून होती. तिच्या वाट्याला शेवटचा बाक आला. पोरं पुढं झोपलेली, उठवायची मलेच लाज वाटली.

अमरावतीच्या पुढं गतिरोधकावर गाडी आदळली आन् आत्या वर उडून कमरेवर पडली. शेगावला तिला रांगेत उभं राहवेना. तिथूनच लेक तिला रेल्वेनं घरी घेऊन गेला. पंढरपूर राहिलं.

बंडी हाकणाऱ्याला हे कळायला पाहिजे होतं. आसाच्या मागं शेपटाला बसलेला माणूसच जास्त उडतो. गाडीचंही तसंच, मागच्या चाकाच्या पलीकडं दणका बसतो. दोन्ही चाकांच्या मधल्या रांगा सगळ्यात शांत.

पुढच्या वर्षी पैसे घेतानाच एकेकाला विचारलं. गुडघे दुखतात का? गाडी लागते का? रात्री किती वेळा उतरावं लागते? मग वहीच्या पानावर गाडी काढली. दुसऱ्या रांगेपासून म्हातारी माणसं. गुडघेवाले, लघवीवाले आतल्या वाटेकडं. उलटीवाले त्यांच्या शेजारी, खिडकीशी. चाकावरच्या सीटवर पाय वर येतात, गुडघे दुमडून बसावं लागते, म्हणून तिथं जवान माणसं. पहिल्या रांगेत लहान पोरं नाही, ब्रेक लागला तर समोर धरायला काही नसते. शेवटचा बाक बिनलग्नाच्या पोरांना. प्रत्येक सीटवर नावाची चिठ्ठी डकवली, म्हणजे लाखनीवाला शेवटी चढला तरी त्याची जागा त्याचीच.

"मी सगळ्याच्या आंधी पैसे देल्लो, मंग मी मांगं काहून?" एक भाऊ भांडलाच. त्याला पान दाखवलं. त्याच्या मायची सीट तिसऱ्या रांगेत होती. गप्प झाला.

थांबे चारच ठेवले, पण उजेड आन् बसायला ओटा असेल तिथं. प्रत्येक थांब्याची वेळ वेगळी सांगितली. एका म्हाताऱ्याला पायरी चढायला दोन-तीन मिनिटं लागतात, ती आधीच धरली. पायरी उंच, म्हणून लाकडी पाट सोबत घेतला.

दुसऱ्या रांगेतली एक सीट मी आत्यासाठी ठेवली होती. सांगायला गेलो तर म्हणाली, "आता नाही होत रे बापू, तुमी या जाऊन." तिच्या नावाची चिठ्ठी तुळजापूरपर्यंत तशीच होती. त्या सीटवर कोणी बसलं नाही.